सोळा अध्यायांच्या पोथीतला सतरावा

१२ जानेवारी

बारावा अध्याय नाही! तीनदा पाहिलं. अकरावा संपतो आणि लगेच ती कथा सुरू होते जी नव्या प्रतीत तेरावी आहे. पान गळालेलं नाही, पानांचे अंक सलग आहेत. म्हणजे या ताडपत्रावर आमच्या उतारावरच्या, नाव लागते तिथल्या दगडातल्या देवीचा – आमच्या आईचा – अध्याय कधी नव्हताच.

दोन वर्षं मी हेच काम करतोय. आमच्या नदीच्या माहात्म्याच्या तीन पोथ्या – जुनी, मधली, नवी – समोरासमोर ठेवायच्या आणि कुठे काय वेगळं आहे ते टिपायचं. हे काम वाट्याला आलं तेव्हा मनातल्या मनात हात जोडले होते. आपलीच नदी, आपलीच आई! आणि आता ही सापडत नाही.

बाईंना सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१३ जानेवारी

नाही सांगितलं.

१५ जानेवारी

आज सांगितलं. बाई विभागप्रमुख, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण पोथीपुढे बसल्या की मला शाळेतल्यासारखं ताठ बसावं लागतं. त्या म्हणाल्या, शेवटची ओळ पाहिलीत का? पाहिली नव्हती. नव्या प्रतीत अध्याय सतरा आहेत, पण समारोपाच्या श्लोकात अजूनही ‘हे सोळा अध्याय जो ऐकेल’ असंच आहे. ज्यानं अध्याय घुसवला त्यानं पुढचे सगळे आकडे बदलले आणि हा एक विसरला. धर्मशास्त्राचे जुने संग्रहकार याच माहात्म्यातले पानंच्या पानं उतारे देतात, त्यांतही आमची आई नाही.

पोथी स्वतःला अठरा पुराणांतल्या सगळ्यात मोठ्या पुराणाचा भाग म्हणवते. बाई हसल्या. म्हणाल्या, ज्या तीर्थाला घर नसतं ते त्या पुराणाकडे राहायला येतं. त्याच्या नावावर ढीगभर माहात्म्यं आहेत, पण त्याच्या जुन्या पोथीत यातलं एकही सापडत नाही.

डबा एकट्यानंच खाल्ला. खिडकीपाशी.

१९ जानेवारी

दादाचं पत्र. चौदा महिन्यांनी! आमची जन्मदाती आई वारली तेव्हा चार माणसांत मी बोलून गेलो होतो की, आई जे सांगायची ते खरं, गावचे गुरुजी वाचतात ती पुराणं कुणीतरी मागून रचलेली. पुरावा काहीच नव्हता, नुसती घमेंड. दादा तेव्हा एवढंच म्हणाला, ‘शिकलास, ठीक आहे.’ मग अबोला. मी पुलावरून आलो तसा पुलावरूनच परत फिरलो. खाली उतारावर गेलोच नाही.

पत्र सात ओळींचं. पूल झाल्यापासून नाव बंद, उताराला कोणी येत नाही. ‘सकाळी दिवा लावतो, पाण्याकडे बघत बसतो, उठतो. आई पुराणात आहे असं तुमच्या संस्थेच्या कागदावर मिळालं तर गुरुजी सगळ्यांसमोर वाचतील. लोक येतील. नाहीतर माझ्यानंतर नुसता दगड.’

खाली सही केलीय – ‘तुझा दादा’. ‘तुझा’ नंतर घातलेलं दिसतं. शाई वेगळी आहे.

२० जानेवारी

काय लिहू त्याला? की तू मागतोस तोच अध्याय मी आज खोटा ठरवत बसलोय?

२४ जानेवारी

मधली पोथी आजपासून. मजकूर जुन्या पोथीसारखाच, सोळा अध्याय. पण अकराव्याच्या शेवटी काकपाद – कावळ्याच्या पायासारखी खूण, ‘इथे भर घाला’ अशी – आणि समासात, उभ्या बाजूला, वेगळ्या हातानं, बारीक अक्षरात एकोणतीस श्लोक. वाचायला पोथी आडवी धरावी लागते. आमची आई! समासात उभी आहे.

पुढच्या नकलकारानं ते उचलून आत घेतलं आणि अध्याय केला. एवढंच घडलं. कोणी फसवलं नाही. एकानं ऐकलं ते कडेला लिहिलं, दुसऱ्याला वाटलं पहिल्याचं राहून गेलं होतं.

२५ जानेवारी

काल नीट झोप नाही. आज पहिला श्लोक पुन्हा लावला.

समासात सुरुवात अशी आहे – ‘नावाड्यांच्या घरच्या स्त्रिया असे सांगतात’.

नव्या प्रतीत त्याच जागी – ‘सूत म्हणाले’.

बाकी श्लोक जवळजवळ तेच. फक्त सांगणाऱ्या बायका गेल्या आणि सूत आला. अरण्यात ऋषी बसलेत, ते विचारतात, सूत सांगतो, त्याला व्यासांनी सांगितलेलं – पुराणाचा हा सांगाडा. त्यात ज्याला शिरायचं त्यानं सूताच्या तोंडून शिरायचं. दुसरं दार नाही.

नावाड्यांच्या घरच्या स्त्रिया. आमचं घर नावाड्यांचं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी पोथीवाला नावेची वाट बघत उतारावर बसला असेल आणि माझ्या कुठल्यातरी खापरपणजीनं त्याला सांगितलं असेल. मी त्या अक्षराला बोटानं शिवलो. शिवायचं नसतं. हातमोजा काढून शिवलो.

२८ जानेवारी

नीट मांडून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल.

आई (माझी) सांगायची – नावाड्याची सून. पुरात नवरा नाव घेऊन गेला. ती काठावर उभी राहून त्याचं नाव घेत राहिली, आवाजाच्या दिशेनं नाव आली. तो आला, तेव्हा ती दगड झाली होती. म्हणून जाताना तिला आपलं नाव सांगायचं आणि परत आलं की पुन्हा सांगायचं. नाहीतर ती हाक मारत राहते.

पुराण सांगतं (समासातही हेच, लिहिणाऱ्यानं ऐकलेलं तेव्हाच पोथीच्या साच्यात घातलं) – पार्वती शिवावर रुसून उताराला आली, तप केलं. नावाड्याची सून तिची दासी. देवी प्रसन्न झाली, तिला वर दिला – ‘तुझ्याच रूपात मी इथे राहीन, आधी तुझी पूजा, मग माझी’. मग फळ – इथे एक ओंजळ पाणी दिलं की शंभर गाई दान केल्याचं पुण्य. नाव सांगायचं मात्र कुठेच नाही.

याच पोथीत असे आणखी तीन आहेत. टेकडीचा राखणदार शिवाचा गण झालाय. झाडातलं भूत शाप मिळालेला गंधर्व निघालं. आणि तो राक्षस – मरताना वर मागतो की या जागेला माझं नाव असू दे. म्हणजे तोही आधी तिथला देवच असणार! कोणाला हाकललं नाही. प्रत्येकाला घरात घेतलं, नातं लावलं – कोणी दासी, कोणी गण, कोणी रूप. सून घरात आली की तिचं माहेरचं नाव जातं, तसं. पण ‘आधी तुझी पूजा’ हे द्यावंच लागलं. ते दिल्याशिवाय आमची माणसं पार्वतीला हात जोडायला तयार झाली नसती.

३ फेब्रुवारी

बाईंचा निर्णय – बारावा अध्याय परिशिष्टात. मजकुरात नाही.

मी म्हटलं, मग मूळ काय आहे यात? जुन्या पोथीतला राक्षस तरी मूळ आहे का? त्यांनी जुन्या पोथीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, ‘नाही. फक्त त्याचा समास आपल्याला सापडलेला नाही.’

नंतर निघताना दारात थांबल्या. ‘तुमच्या ओळखीचं आहे का कोणी त्या गावात?’ मी नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

सूत तरी कोण होता? सारथ्यांच्या जातीचा. वेद म्हणायचा अधिकार नसलेला, ऐकलेलं सांगणारा. आमच्यातलाच म्हणायचा.

८ फेब्रुवारी

सुट्टी. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतं, तेवढाच आवाज. दादासाठी बाराव्या अध्यायाचं मराठी करायला घेतलं. सुवाच्य, मोठ्या अक्षरात, गुरुजींना दिसेल असं. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. आता त्यांची नजर अधू झालीय म्हणतात.

वर स्पष्ट लिहिलं – ‘जुन्या पोथीत नाही, मधल्या पोथीच्या समासात आहे, नव्या पोथीत अध्याय आहे.’ खोटा कागद देणार नाही. दादाला काय वाटेल ते वाटो.

शेवटी दासीला वर मिळतो तिथे हात थांबला. कडेला पेन्सिलीनं लिहिलं – ‘आई सांगायची : जाताना तिला आपलं नाव सांगावं, परतल्यावर पुन्हा सांगावं, म्हणजे तिची हाक थांबते.’

माझ्यासाठी लिहिलं. कुठेतरी असावं म्हणून.

९ फेब्रुवारी

टपालात टाकलं. टाकल्यावर आठवलं, पेन्सिल खोडायची राहिली.

राहिली? खोडरबर टेबलावरच होतं.

२ मार्च

काही नाही. रागावला असणार.

११ मार्च

दादाचा फोन! कामावर, दुपारी. मी जिन्यात जाऊन घेतला. मग तो म्हणाला, गुरुजींनी पंधरा दिवसांपूर्वी वाचलं.

सांगत गेला, मी ऐकत गेलो. वरची ओळ – जुन्या पोथीत नाही वगैरे – गुरुजींनी स्वतःशी वाचली आणि म्हणाले, हे पंडितांपुरतं. मग अध्याय वाचला. अठरा-एकोणीस माणसं होती. आणि शेवटी पेन्सिलीचंही वाचलं.

मी विचारलं, कसं वाचलं? आई सांगायची, असं?

‘नाही रे. ते म्हणाले, सूत म्हणाले.’

मी जिन्यावर बसलो. माझीही आई गेली त्याच वाटेनं. आणि या वेळी समास माझ्या हातचा.

दादा पुढे सांगत होता. पलीकडच्या आळीतली म्हातारी नावाडीण मध्येच उठली म्हणे, म्हणाली, हे तर माझी सासू सांगायची, ते पुराणात कधीपासून गेलं? गुरुजी म्हणाले, पहिल्यापासून आहे. तर म्हातारी म्हणते कशी, ‘मग माझी सासू उगाच नव्हती बोलत!’ लोक हसले. मग ती काठी टेकत उतारावर गेली आणि तिनं दगडाला आपलं नाव सांगितलं. मागून बाकीचे. आता रोज दोघं-तिघं येतात. मोटारीनं पुलावरून जाणारेही थांबतात, खाली येऊन सांगून जातात.

मला म्हणायचं होतं, दादा, ते पुराणातलं नाही, ते मी लिहिलंय, ते आईचं आहे. शब्द तोंडात तयार होते.

दादाच म्हणाला, ‘अक्षर ओळखलं मी. गुरुजींनीही ओळखलं असेल, त्यांनीच शिकवलेलं.’

आणि मग – ‘आई रोज सकाळी तिथं तुझंच नाव सांगायची. परत यायला निघालाय म्हणून. तू गाव सोडल्यापासून एकोणतीस वर्षं.’

१२ मार्च

बाईंकडे रजा मागितली. कुठे जाता, विचारलं. म्हटलं, त्या गावात माझा भाऊ आहे. त्यांनी चष्मा काढला. रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाल्या, ‘परिशिष्टाच्या आधी एक टीप घालू. नावाड्यांच्या घरच्या स्त्रिया असे सांगतात – एवढं मूळ अक्षरात.’

१५ मार्च

पुलाच्या अलीकडेच उतरलो. पायवाट बुजलेली नाही. दादा दिव्यापाशी होता, बाजूला सरकला. मी दगडाला माझं नाव सांगितलं.

दादा म्हणाला, ‘मोठ्यानं सांग. पाण्याचा आवाज आहे.’