नेट मी खाल्लं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठा प्लेयर झाल्यावर मुलाखतीत सुरुवातीचे दिवस विचारतात, तेव्हा तारखा तयार असलेल्या बऱ्या.
नाव रविराज. अकरावी सायन्स. गाव दिंद्रुड. गेममधलं नाव 'बाजिंदा'. स्क्वॉडमध्ये आम्ही चौघं, लीडर मी. हे मी ठरवलंय, बाकीच्यांनी विरोध केलेला नाही.
१६ तारखेला रविवारी ऑनलाईन टूर्नामेंट आहे. जिंकणार. फक्त नेटनं साथ द्यावी. दिवाळीनंतर नेटला काय झालंय कळत नाही. मी गोळी मारतो, ती समोरच्याला लागत नाही. त्याची मला लागते. शंभर टक्के लॅग.

५ नोव्हेंबर, बुधवार
अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात राडा. आमचं खत-बियाण्यांचं दुकान पुढं, घर मागं, वायफायचा डबा मधल्या खोलीत. खताचं पोतं द्यायचं तर गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर घ्यावा लागतो, आणि मशीन आमच्याच वायफायवर. आज रामेश्वरतात्या अंगठा लावून उभे, मशीनवर नुसतं चाक फिरतंय. तात्या म्हणाले, अंगठा झिजला का काय माझा. अण्णा दुकानातून ओरडले, "रव्या, बंद कर ते गेम! सगळं नेट खाल्लंस!"
मी तेव्हा आंघोळ करत होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अण्णांना पुरावा दाखवला. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपनं किती डेटा खाल्ला ते दिसतं. गेम तासभर खेळलं तर साठ-सत्तर एमबी. अण्णांनी कापसाच्या भावाचे व्हिडिओ बघितले तर तेवढे दहा मिनिटांत. गेमला नेट थोडंच लागतं, पण अडखळलेलं चालत नाही, असं नीट समजावलं.
अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तूच मोजून खातूस."
आरोहीनं साक्ष दिली की दादा रोज खेळतो. पाचवीतली पोरगी. तिच्या स्कॉलरशिपच्या क्लासचा व्हिडिओ अडकला म्हणून सगळा राग माझ्यावर. आई गप्प भाकरी थापत होती. घरात आईच काय ती माझ्या बाजूची.

८ नोव्हेंबर, शनिवार
फायबरवाला माऊली येऊन गेला. वाटलं, आता दूध का दूध होईल. त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट लावली. कॉम्प्युटर वायरनं जोडलेला, त्यावर स्पीड पूर्ण आला. मग वायफायवर मोबाईलनं लावली, तर काटा रडायला लागला. माऊली म्हणाला, "लाईन चोख हाय अण्णा. तुमच्या वायफायवरच कुणीतरी बसलंय."
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माऊलीनंही बघितलं, त्याचं काय नडलं होतं?
संध्याकाळी माझा फोन स्विच ऑफ करून अण्णांच्या लोखंडी कपाटात. नेट सुधारलं तर कायमचा तिथंच. टूर्नामेंट तोंडावर आहे. आईला म्हणालो, तू तरी बोल. आई म्हणाली, "र्‍हाऊ दे की बाबा थोडे दिस. अभ्यास होईल."
ठराव : रोज पाच तास अभ्यास करून सगळ्यांना लाज वाटायला लावणे.

१० नोव्हेंबर, सोमवार
अभ्यास झाला नाही. मन लागत नव्हतं.
पण मशीन आजही अडकलं. माझा फोन कपाटात मेल्यासारखा पडलाय आणि तात्यांचा अंगठा आजही झिजलेलाच. अण्णांना म्हणालो, आता बोला. अण्णा विचार करून म्हणाले की तू आधी खाऊन ठेवलं असशील.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सोळा वर्षं ज्यांचं खाल्लं, त्यांनी मला चोर ठरवलं. लई वाईट वाटलं. रडलो नाही. डोळ्यात मिरचीची पूड गेली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वायफायचा डबा उलटा करून बघितला. खाली स्टिकर. त्यावर एक पत्ता, १९२.१६८.१.१, आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड. दुकानाच्या कॉम्प्युटरवर हा पत्ता टाकला की डब्याचं आतलं पान उघडतं. त्यात यादी असते, या घडीला डब्याला कोण कोण जोडलंय त्याची. मला हे आधीपासून माहीत होतंच, फक्त आज पहिल्यांदा बघितलं.
घरातली यंत्रं मोजली : अण्णांचा फोन, आईचा, आरोहीचा क्लासचा टॅब, अंगठ्याचं मशीन. वायफायवर चार. यादीत सात.
माझा फोन यादीत नाही!

१२ नोव्हेंबर, बुधवार
शोधमोहीम. यादीत माणसांची नावं नसतात. यंत्राचा अर्धवट मॉडेल नंबर असतो, कधी तोही नाही, आणि शेजारी प्रत्येकाचा स्वतःचा आकडे-अक्षरांचा मॅक पत्ता. हल्लीचे फोन तर वायफायला खोटाच पत्ता सांगतात. त्यामुळं मी साधी युक्ती केली. एकेकाचं वायफाय बंद करायचं, पान रिफ्रेश करायचं, कोण गळालं ते टिपायचं. आरोहीला पळापळीला घेतलं. ती आता माझ्या बाजूची झाली आहे. पोरगी हुशार आहे, घरावर गेली.
चारी गळाले. तीन तसेच राहिले. एक कुणाचातरी फोन. एक टीव्ही, आणि आमचा टीव्ही तर डिशवर चालतो. तिसऱ्याच्या नावाची सुरुवात आयपीसी. शोधलं तर कळलं की वायफायच्या कॅमेऱ्यांची नावं अशीच असतात.
त्याच्यापुढं सिग्नल उणे शहाऐंशी. म्हणजे भिंतीपलीकडं कुठंतरी, जेमतेम पकडून बसलेला. आणि रात्रंदिवस व्हिडिओ वर पाठवतोय. डब्यापाशी एका वेळी एकालाच बोलता येतं. ज्याचा सिग्नल अशक्त तो एवढंसं बोलायला लई वेळ घेतो, आणि बाकीचे मागं खोळंबतात. अरुंद वाटेला उसाची बैलगाडी पुढं असावी तसं. तात्यांचा अंगठा तिथं अडकला होता. माझ्या गोळ्याही.
उद्या अण्णांसमोर सगळं. निर्दोष सुटणार. भाषण तयार केलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भाषण राहून गेलं.
दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा, आई, आरोही, सगळ्यांना कॉम्प्युटरपुढं उभं केलं. यादी दाखवली. अण्णा चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, ह्या तिघांचं काय ते दाखव. डब्यात मॅक पत्ता टाकून एखाद्याला अडवता येतं. मी आधी आयपीसी अडवला.
दोन-चार मिनिटं काही नाही. मग बोळीपलीकडून धर्मराजकाकांचा आवाज, "अगं, कॅमेरा बंद पडला की आपला!"
हे माझे सख्खे काका. मधल्या बोळीवरून अण्णांशी वाद, तीन वर्षं बोलणं नाही. बोळीत अण्णा काय ठेवतात, किती पाय टाकतात, हे बघायला त्यांनी दिवाळीत कॅमेरा लावला. तो अण्णांवर नजर ठेवत होता, अण्णांच्याच नेटवर.
अण्णा खुर्चीत बसले. म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा."
मी टीव्ही अडवला. काकूची मालिका थांबली, तेही ऐकू आलं. मी जोरात होतो. तिसऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात आई म्हणाली, "त्यो र्‍हाऊ दे रे. परीक्षा हाय तिची."
अण्णांनी चष्मा काढला.
अण्णांनी विचारलं, कुणाची. आईनं सांगितलं, संस्कृतीची. काकांची पोरगी, बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करतेय. तिच्या खोलीत रेंज येत नाही. ती विरजण मागायला आली होती, तेव्हा आईनं वाटीबरोबर पासवर्डपण दिला. विरजणाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच आईचं म्हणणं. पुढं त्या घरानं तो टीव्हीत घातला, कॅमेऱ्यात घातला. विरजणच ते, एका घरात थांबतंय होय.
मी विचारलं, तुला माहीत होतं? आई म्हणाली, कॅमेऱ्याचं माहीत नव्हतं, पोरीचं माहीत होतं.
मग मला शिव्या बसत होत्या तेव्हा बोलली कावून न्हाईस? फोन कपाटात गेला तेव्हा?
आई म्हणाली, "तुझं नाव निघालं तर दोन दिस आरडाओरडा. त्यांचं निघालं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. तू माझा हाईस म्हणून तुझ्यावर घेतलं."
हे मी तीनदा लिहून बघितलं. तरी पटत नाही. अण्णांनी चोर म्हटलं त्याचं एवढं नाही वाटलं. आई माझ्या बाजूची आहे असं मी याच वहीत लिहून ठेवलंय. आज जेवलो नाही. मग जेवलो, पण बोललो नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अण्णांनी पासवर्ड बदलायला लावला. नवीन पासवर्ड घरात फक्त मी घालून देणार. आईच्या फोनलाही मीच घालून दिला, सांगितला नाही. फोन परत मिळाला. अण्णांनी माफी मागितली नाही, पण भजी आणली. मशीनवर तात्यांचा अंगठा एका फटक्यात लागला. तात्या म्हणाले, नवा उगवला.
अण्णा आईशी बोलत नाहीत. आई माझ्याशी बोलते, मी तिच्याशी नाही. संस्कृती मारुतीच्या पारावर रेंजसाठी बसलेली दिसली. डोक्यावर ओढणी, उन्हात. मी दुसरीकडं बघितलं. मी काय करणार, निर्दोष माणूस आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
टूर्नामेंटचा दिवस. पिंग बावीस. हा आकडा जितका कमी तितकं नेट चपळ. हिरवागार. असं नेट आयुष्यात बघितलं नव्हतं. अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, मला आवाज नको म्हणून. आईनं चहा ठेवला. मी घेतला, पण वर बघितलं नाही.
आज काही अडचण नाही. कसलीच नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं
उतरलो. बंदूक उचलली. समोर एक जण. मी गोळी मारली, लागली नाही. त्यानं मारली, लागली. सगळं अगदी वेळेवर झालं.
दुसरा सामना. तसाच.
तिसऱ्यात मी दरवाज्यात अडकलो. दरवाजा बंद होता, मी तो उघडला नव्हता.
आमचा स्क्वॉड शेवटून दुसरा. शेवटचा नंबर आलेल्यांची वीज गेली होती म्हणे.
हणमंतानं फोन केला. स्क्वॉडमधला माझा जिवाभावाचा. वाटलं, धीर देईल. म्हणाला, "आता कावून मेलास बे? नेट तर भारी हाय की तुझं." मागं बाकीचे दोघं हसत होते. दोन वर्षं हेच म्हणायचे, बाजिंदा, तुझी चूक न्हाई, लॅग हाय. आणि आता बघा.
अण्णांनी विचारलं, काय झालं. मी 'लॅग' म्हणायला तोंड उघडलं, पण पडद्यावर पिंग अजून बावीसच होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
खूप विचार केला. माणसानं फक्त स्वतःपुरतं बघू नये. एक मुलगी शिकतेय, डॉक्टर झाली तर गावाचंच नाव. भावाभावांचं भांडण आपल्या पिढीत कशाला?
संध्याकाळी वाटी घेऊन काकांकडं गेलो आणि विरजण मागितलं. काकूनं दिलं. संस्कृतीला हळूच नवीन पासवर्ड सांगितला. ती बघतच राहिली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. म्हणाली, रवी, मी कुणालाच देणार न्हाई, माझ्या फोनपुरताच ठेवीन.
मी म्हणालो, अगं तसं काही नाही. टीव्हीला लाव. कॅमेऱ्यालापण लाव.
घरी वाटी आईच्या हातात दिली. आईनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि डोक्यावरून हात फिरवला. लई मोठ्या मनाचा झाला माझा रवी, म्हणाली. मी आत जाऊन गेम उघडलं.
आत्ता पिंग चारशे दहा.
पुढची टूर्नामेंट डिसेंबरात आहे. जिंकणार. फक्त नेटनं साथ द्यावी.