पान बेचाळीसवरचा वटवट्या

प्रिय ठकू,

हे पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुरू करतो आहे. लेथ बंद आहे, डबा उघडलेला नाही, आणि आतापर्यंत दोनदा उठून उगाचच टूलला धार लावून आलो. धार आधीच होती. माझं काय बिनसलंय ते आधीच सांगतो, नाहीतर तू मधली पानं उलटून शेवट वाचशील. तुझ्या पुस्तकाची प्रुफं तू मला दिलीस ती काना-मात्रा बघायला. बघून छापखान्यात पोचती करा, आणखी काही करू नका, असं तू बजावलंही होतंस. मी पान बेचाळीसवर हात चालवला. कविता बदलली, तुला विचारलं नाही, आणि मंगळवारी ऐटीत प्रुफं देऊन आलो. सोमवारी छपाई आहे. आणि मी चुकलोय.

'मी चुकलोय' हे दोन शब्द माझ्या अक्षरात तू याआधी पाहिले नसशील. मीही नाही.

तुला आठवतं, तू बारा वर्षांची असताना पहिली कविता दाखवलीस? 'झाडावर पक्षी गाई, फूल हसून पाही.' मी तांबड्या पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: कोणता? कोणतं? तू पाय आपटत गेलीस. तुझी आई म्हणाली, अहो, पोरीने कविता आणली आहे, गुन्ह्याची फिर्याद नाही. पण तू संध्याकाळी परत आलीस तेव्हा कागदावर होतं, 'तारेवर कोतवाल, शेपटीला कात्री'. मी विचारलं, रंग का नाही लिहिलास? तू म्हणालीस, कोतवाल म्हटल्यावर काळा आलाच की बाबा. ठकू, त्या दिवशी मी कारखान्यात तीन जणांना पेढे दिल्यासारखं ते वाक्य सांगत फिरलो. मी आठवी नापास माणूस. माझ्याजवळ जे काही आहे ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या डोळ्यांनी जमवलेलं. पण नाव बरोबर पडलं की विशेषणं आपोआप गळतात, जसं माप बरोबर आलं की कानस लागत नाही, हे तुला मी शिकवलं याचा माज मला आहे. होता.

पुढे तू नावांच्या मागे इतकी लागलीस की एका कवितेत अकरा पक्षी कोंबलेस. ही कविता आहे की हजेरी, असं तुझी आई म्हणाली, आणि ते मला सुचायला हवं होतं. नाव घ्यायचं ते एकच, आणि त्याला त्याचंच काम द्यायचं. वेडा राघू लिहिलास तर तो तारेवरून झेपावून माशी पकडणार आणि त्याच जागी परत येऊन बसणार. त्याला नुसतं 'दूर उडून गेला' म्हणून चालायचं नाही. सुतारपक्षी लिहिलास तर खोड हवं. पांगारा फुलवलास तर फांदीवर पानं ठेवता येत नाहीत. या गोष्टी तुला माझ्यापेक्षा चांगल्या कळायला लागल्या आणि तू मला कविता दाखवणं बंद केलंस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आपल्या घरात ही रीतच आहे.

भोंगा झाला. पुढचं नंतर.

आता छापखान्याच्या बाहेरच्या बाकावर आहे. अर्धी रजा टाकली. इथल्या फोरमनला मी नाश्त्याच्या वेळी पकडायला हवं होतं, आता तो मशीनवर आहे आणि मला थांबायला सांगितलंय. थांबणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. तोवर काय घडलं ते लिहितो.

तुझी कविता अशी होती:

वटवट्या पान शिवतो खिडकीखाली,
तांबडा डोळा आत वळवून बघतो.
उडताना चट् चट् काहीतरी तुटतं,
आत कुणीतरी कूस बदलतं.

मला वाचताक्षणी कळलं की ही आपली मागची खिडकी, आणि कूस बदलणारी तुझी आई. गेल्या वर्षीचे तिचे शेवटचे दोन महिने.  आणि असं काही समोर आलं की मी काय करतो? चूक शोधतो. पान शिवतो तो शिंपी, हे शेंबडं पोरही सांगेल. वटवट्या तारांवर, बोरूच्या गवतावर बसून वटवट करतो. माझी पोरगी, आणि पक्षी चुकली! खोडला. शिंपी म्हणजे दोनच अक्षरं, ओळ लंगडली, म्हणून पुढे 'छोटा' लावला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाव खरं असतं तर त्याला टेकू लागला नसता. पण मी जोरात होतो. शिंप्याच्या डोक्यावर तांबूस टोपी असते, डोळा तांबडा नसतो. तू रडून लाल झालेले डोळे पक्ष्याला चिकटवलेस असं मला वाटलं, आणि असला हळवेपणा मला चालत नाही. 'तांबडी टोपी हलवून आत बघतो.' शिंपी उडताना चट् चट् करत नाही, ओरडतो तो टुईट टुईट. तेही दुरुस्त केलं. चार ओळींत तीन दुरुस्त्या. एका चुकीच्या नावाला शोभावं म्हणून मी तुझं सगळं पाहिलेलं पुसलं, आणि प्रत्येक दुरुस्ती शिंप्याच्या हिशेबाने अगदी बिनचूक होती! असा जॉब मी लेथवर एकदाच केला होता. चुकीच्या ड्रॉइंगवरून, मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही न हुकता. तो भंगारात गेला.

काल गुरुवार, माझी सुट्टी. मागच्या खिडकीखालचं तुझ्या आईचं वांग्याचं झाड आता लाकडासारखं झालंय, तरी पानं वीतभर रुंद आहेत. त्यात हालचाल दिसली. मी मोडा ओढून बसलो. चिमणीहून लहान, पाठ राखाडी, पोट फिकं तांबूस, लांब शेपूट सारखी उभी करून हलवणारा. डोक्यावर टोपी नाही. चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा धागा. दोन पानांच्या कडा जवळ आणून त्याने भोक पाडलं, धागा आत ओवला, बाहेर त्याचा गुंता करून ठेवला म्हणजे तो सुटू नये. मग माझ्याकडे वळून पाहिलं. डोळा तांबडा. नारिंगीकडे झुकणारा तांबडा. मी खुर्चीवर जरा सरकलो तसा तो उडाला आणि चट् चट् असा आवाज आला, ओली काडी मोडावी तसा. राखी वटवट्या. ठकू, तो पान शिवतो. बावीस वर्षं पक्षी बघणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. साधा पक्षी म्हणून मी त्याच्यापाशी कधी थांबलोच नाही.

मोडा लिहिलं आणि मग खुर्ची लिहिलं. बघ माझं काय चाललंय. मोडाच होता. तुझा. तू त्याच्यावर बसायचीस.

घरात जाऊन माझं पक्ष्यांचं पुस्तक काढलं, खात्री करायला. खात्री झाली. त्या पानावर आणखीही काही होतं, पण ते शेवटी सांगतो, इथे उघड्यावर नको. फोरमन बोलावतोय.

घरी आलो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून लिहितो आहे. बसवत नाही.

फोरमन जाडजूड, कपाळावर चष्मा. म्हणाला, काका, प्लेट तयार आहे, सोमवारी सकाळी चढणार, आता शिंपी काय नि वटवट्या काय, पान शिवलं ना त्याने? पक्षी तो पक्षी. मी म्हणालो, तुमच्या मशीनला आठ नंबरचा बोल्ट लागतो तिथे दहाचा लावला तर बोल्ट तो बोल्ट म्हणाल का? तो हसला. म्हणाला, पण कवयित्रीबाईंची सही लागेल. मी म्हणालो, बाईंची मूळ प्रत तुमच्याच फायलीत आहे, ती बरोबर आहे, बदल मी केलेत. त्याने फाईल काढली. माझ्या पेन्सिलीच्या खुणा बघून म्हणाला, हे तुम्ही केलंत? मग इतक्या ठासून कशाला केलंत हो?  मी त्याच्यासमोर लिहून दिलं की पान बेचाळीस मूळ प्रतीबरहुकूम छापावं, दुरुस्त्या करणाऱ्याने पक्षी पाहिला नव्हता. त्याने माझ्यादेखत नवी प्लेट करायला घेतली. मी चारही ओळी अक्षर न् अक्षर ताडून आलो. वटवट्या जागेवर आहे. सोमवारची चिंता तू करू नकोस.

मग हे पत्र कशाला? झालं ते फोनवर चार वाक्यांत सांगता आलं असतं. पण फोनवर मी दुसरंच काहीतरी बोललो असतो, गॅस आला का, नोकरी कशी चाललीय. दुरुस्त्या करणाऱ्याने पक्षी पाहिला नव्हता हे लिहिताना माझा हात थांबला, कारण पक्षी तिथे दोन महिने रोज येत होता. मीच नव्हतो. तुम्हा दोघींना मी सांगितलं होतं की ऑर्डरी तुंबल्यात, डबल पाळी आहे. ऑर्डरी तुंबलेल्या नव्हत्या. मी स्वतः मागून पाळ्या घेत होतो. तिला त्या पलंगावर बघणं मला झेपत नव्हतं, आणि ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही. पुस्तकात वटवट्याच्या पानावर समासात तुझ्या आईचं अक्षर आहे. पेन्सिलीचं, थरथरलेलं. 'पानं हासुद्धा शिवतो. ह्यांना सांगायचं.' खाली बरोबरची खूण, मी करतो तशी. म्हणजे नाव तिने शोधलं होतं, चष्मा लावून, माझ्याच पुस्तकात, माझ्याचसाठी. मी रात्री घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि ते सांगायचं राहिलं. तू तिच्या पलंगाशी मोड्यावर बसून सगळं ऐकत होतीस. ठकू, ह्यांना सांगायचं असं ती आणखी कशाकशाबद्दल म्हणाली? मला सगळं हवंय, मोघम नको. कुठल्या दुपारी, काय बघून, कुठल्या शब्दांत. माझ्या नावाची बोलणी असतील तर तीही लिही. मी एक अक्षरही बदलणार नाही.

तुझाच,
बाबा