मंतरलेले तांदूळ

गुरुजी, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज मी तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर बदलायला बसलोय. प्रश्न चौथीतला. मी शेजारी बसणाऱ्याच्या कपाळावर दगडी पाटी मारली होती आणि तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणालो होतो की राग आला की माझं मला कळत नाही, नंतर काही आठवतही नाही. तुम्ही छडी उचलली नाहीत. त्याच्या जखमेवर हळद दाबलीत, आम्हाला मारुतीच्या देवळात, जिथे आपली शाळा भरायची, तिथे गोल बसवलंत आणि वाघ होणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितलीत.

घाटाखालचा एक शेतकरी. रानडुकरं शेत उकरून टाकायची म्हणून त्यानं एका बैराग्याकडून मंत्र शिकून घेतला. तांदळाच्या दोन मुठी मंतरायच्या. एक मूठ अंगावर पडली की वाघ, दुसरी पडली की पुन्हा माणूस. दुसरी मूठ टाकायला कोणीतरी लागतंच, कारण वाघाच्या पंजात तांदूळ धरता येत नाहीत. बायकोनं हट्ट धरला, मला दाखवा. त्यानं बजावलं, भिऊ नकोस, पळू नकोस, फक्त तांदूळ टाक. पण परसात खरोखरचा वाघ उभा राहिल्यावर ती किंचाळून पळाली आणि तांदूळ मातीत सांडले. तो वाघच राहिला. कानातली बाळी तेवढी तशीच होती, त्यावरून लोक त्याला ओळखायचे. पुष्कळ दिवस तो संध्याकाळी घरामागे येऊन बसायचा म्हणे. मग तुम्ही विचारलंत, चूक कोणाची? सगळ्यांच्या आधी मी ओरडलो, बायकोची. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. एवढंच म्हणालात, "मंत्र कोणी शिकला होता रे?" आणि घंटा वाजवलीत.

मी नाहूरला राहतो. एका कारखान्यात लेथवर आहे. पहाटे उठून देवपूजा करतो, शनिवारी मारुतीला तेल घालतो, दारूला कधी शिवलो नाही. बाहेरचं कोणी माझ्याबद्दल वाईट बोलणार नाही. घरात मात्र तुमच्यापाशी म्हटलेलं तेच वाक्य चोवीस वर्षं म्हणत आलो. ताट भिरकावलं, माझं मला कळलं नाही. हात उगारला, काय झालं आठवत नाही. बायको ऐकून घ्यायची आणि सांडलेलं पुसायची.

मागच्या शिमग्यानंतरची गोष्ट. मुलीनं घरात सांगितलं की चारकोपला एका वर्कशॉपच्या हापिसात नोकरी मिळते आहे, एम.ए. करता करता ती करीन. मला न विचारता तिनं अर्जही दिला होता. देवघराजवळचा पितळी तांब्या माझ्या हातात आला. बायको मध्ये आली आणि तिनं माझं नाव घेतलं. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ती फक्त उखाण्यात. लग्नात तिनं घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. रेशनकार्डाच्या खिडकीतसुद्धा ती मुलीला पुढे करून सांगायला लावायची. त्या दिवशी तिनं उघड्या दारात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, एकदा नाही तीनदा घेतलं. दुसऱ्या वेळेपर्यंत माझा हात वरच होता. तिसऱ्या वेळेला मी तांब्या फेकला, आता मुलीकडे नाही, तिच्याकडे. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून ती मुलीला घेऊन मालाडला भावाकडे गेली. मी सगळ्यांना सांगितलं, तिच्या भावालाही, की तिनं चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं, म्हणून माझा तोल गेला. पुष्कळांना ते पटलं. वाईट याचंच वाटतं.

सहा महिने गेले. गेल्या रविवारी दुपारी मुलगी तिची पुस्तकं न्यायला आली. शेजाऱ्यांनी व्हीसीआर भाड्यानं आणला होता, त्यांनी आम्हा दोघांना बोलावून बसवलं. इंग्रजी पिच्चर होता. एका भल्या माणसाला लांडगा चावतो आणि दर पौर्णिमेला तोही लांडगा होतो. हाडं वाकतात, केस फुटतात, तो रडतो, आणि सकाळी उठल्यावर त्याला काही आठवत नाही. शेवटी त्याच्यावर प्रेम करणारीच त्याला चांदीची गोळी घालते. माझे डोळे भरून आले, गुरुजी. घरी येऊन चहा टाकताना मी तिला म्हणालो, बघ, बिचाऱ्याचा काय दोष?

तिनं पुस्तकं बांधता बांधता ऐकून घेतलं. लोककथा हाच तिचा विषय आहे. म्हणाली, हे चावणं, पौर्णिमा, चांदी बहुतेक सिनेमानं आणि अलीकडच्या कादंबऱ्यांनी घट्ट करून ठेवलंय. चांदीची गोळी जुन्या गोष्टींत क्वचितच सापडते, तीही उशिराच्या. तिकडच्या खेड्यांतल्या गोष्टींत माणूस बहुधा आपल्या हातानं लांडगा होतो. लांडग्याच्या कातड्याचा पट्टा कमरेला बांधतो, अंगाला लेप लावतो, तो पट्टा सैतानाकडून घेतलेला असतो. कधी कोणाचा शाप असतो, नाही असं नाही. पण पट्टा बांधणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. कोणी लांडग्याचा पुढचा पाय तोडला तर दुसऱ्या दिवशी गावातला एक माणूस हात झाकून बसलेला सापडतो. त्या भीतीपायी कित्येक गरीब, एकटी माणसं लांडगा ठरवून जाळलीही गेली, तेही तिनं सांगितलं. मी विचारलं, मग गोळी नसेल तर उपाय काय?

"कातडं जाळायचं. नाहीतर लोखंडानं टोचून रक्ताचा थेंब काढायचा," ती म्हणाली. "आणि काही गावांत सगळ्यात सोपा उपाय. त्याच्यासमोर न भिता उभं राहायचं आणि त्याला त्याच्या माणसाच्या नावानं हाक मारायची. तीनदा. की तो परत येतो."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईनं असलं काही वाचलेलं नाही, बाबा."

तेव्हा मला तुमचं देऊळ दिसलं. मी तिथे बसलोय आणि ओरडतोय, बायकोची, बायकोची. माझी बायको पळाली नव्हती, गुरुजी. तिनं तांदूळ टाकले होते. सगळे, नेमके अंगावर. परत आलो नाही तो मी.

पुस्तकांचा गठ्ठा उचलून मी मुलीबरोबर मालाडला गेलो. दार बायकोनंच उघडलं. प्लास्टर निघालंय, पण मनगट थोडं वाकडं बसलंय. त्या लांडग्याची जखम त्याच्या स्वतःच्या अंगावर तरी उमटायची. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो की नाव घेतलंस ते बरोबर केलंस, आणि तुझ्या भावाला मी खोटं सांगितलं होतं, ते आत्ता त्याच्यासमोर सांगतो. सांगितलं. तो पेपर खाली ठेवून ऐकत राहिला.

बायकोनं पाण्याचा पेला डाव्या हातानं पुढे केला. म्हणाली, "परत नाव घ्यायची वेळ आली तर त्या वेळी मी दाराच्या बाहेर असेन. कळलं ना?" मी हो म्हणालो. परत कधी येशील असं विचारायचा धीर झाला नाही. तिनंच सांगितलं, दसरा होऊ दे, मग बघू. दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. देव्हाऱ्यात, तांदळाच्या वाटीखाली ठेवीन. पण चूक माझी, एवढं लिहून तुमचा प्रश्न सुटत नाही. त्या पिच्चरमधल्या माणसाला सकाळी काही आठवायचं नाही. मला आठवतं. तांब्याचं वजन आठवतं, तिसऱ्या हाकेला तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवतं. आणि गुरुजी, त्या दिवशी वर्गात पाटीची कुठली कड पुढे धरायची ते मी आधी बघून घेतलं होतं.