चौदावी

४ ऑगस्ट
'रक्तसंहिता' या मदीय गुन्हेगारी कादंबरीचे हस्तलिखित परत आले. संपादिका सुकन्याबाईंचा आक्षेप टोळीच्या टोपणनावांवर. कृतान्त, प्रलयंकर, कालदंड ही नामे मी स्नानोत्तर, शब्दकोश उघडून ठेविली होती. बाई लिहितात, हे गुंड नव्हेत, यज्ञाला बसलेले भटजी वाटतात. दसऱ्यापर्यंत बदला, अन्यथा पुस्तक रद्द.
अरसिकता.

७ ऑगस्ट
बारामतीहून एसटीने इंदापूर. एकेकाळचा टोळीकर कुंडलिक आता चहा विकतो, शेळ्यांचा व्यापार करतो. त्याचे नाव 'झाकण'. दुधाच्या कॅनचे झाकण घेऊन एकटा तिघांना भिडला, म्हणून. दुसरा 'आमटी': पोलीस दारात, तरी ताटातली आमटी संपवूनच पळाला. पोलिसी कागदांतही 'ऊर्फ आमटी' लागले.
मी व्याघ्र हे नाम स्वतःस घेण्याचा मानस सांगितला. तो म्हणाला, गुरुजी, आपलं आपण ठिवायचं न्हाय. काम करायचं, नाव लोकं ठिवत्यात. चिडला की जास्तच चिकाटतं. आन् जो तितं नव्हता त्यानं हाक मारली, की पक्कं.
संकल्प: व्याघ्रोचित कृत्य करणे.

११ ऑगस्ट
सुसंधी! कुंडलिकच्या टपरीसमोर दोन तरुण उसाची टिपरी घेऊन एकमेकांवर धावले. गर्जनेस उच्च स्थान हवे, म्हणून शेळ्यांच्या टेम्पोत चढलो. निरीक्षणार्थ आडवा झालो. टेम्पो सुटला.
मोरगावी चालक म्हस्कूने मागचा फळका पाडला आणि माझ्यादेखत कुंडलिकला फोन लावला: झाकणभाऊ, तेरा शेळ्या भरल्या हुत्या, चौदावी चष्मा लावून उतरली की वं!
याला गनिमी कावा म्हणतात. म्हस्कूस इतिहास ठाऊक नसावा.

१४ ऑगस्ट
टपरीवर जाताच सर्वांनी सरकून जागा दिली. दरारा. मग कोपऱ्यातून आवाज: चौदावी आली, च्या द्या; पाला न्हाय हितं.
मी चिडलो नाही. केवळ पेला आपटला, बाक उलथविला आणि अर्धा तास नामकरणाच्या शास्त्रावर बोललो.

२ सप्टेंबर
कृतान्ताचा झाकण केला, प्रलयंकराचा आमटी. बाई प्रसन्न, पुस्तक छापणार. मुखपृष्ठावर 'ऊर्फ व्याघ्र' घालण्याची सूचना धाडली. इंदापूर-बारामती एसटीच्या कंडक्टरने तिकीट देताना शेळीसारखा आवाज काढला. योगायोग. शिवाय बारामतीत कोणास काय ठाऊक?

दसरा, सायंकाळ
पुस्तकांचे खोके आले. 'ऊर्फ व्याघ्र' कुठेही नाही. कुरिअरवाला अपरिचित, बारामतीचाच. इंदापूर कधी पाहिलेलेही नाही, म्हणाला. स्टँडवर माझे पूर्ण नाव घेऊन तासभर फिरला, कोणी ओळखेना. शेवटी रिक्षावाल्यांनी विचारले, मंजी चौदावीचं घर का? आणि थेट दारात आणून सोडले.
त्याने अदबीने विचारले: चौदावी आपणच ना? हितं सही करा.
केली.