पास्कूची पहिली बायको

अंधेरी, ६ जाने. १९५४, बुध.

पास्कूच्या लग्नाचा टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावण्याआधीचं भाषण, मीच द्यायचा, हे आज पक्कं झालं. दुसरा कोण देणार? पहिलीपासून एका बाकावर बसलो आहोत. पण नवरीकडची माणसं तामिळ, मुलुंडची. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही. म्हणून मी एक वाक्य बोलायचं, थांबायचं, आणि नवरीचा, म्हणजे मेरीचा, मामेभाऊ सवरी ते तामिळमध्ये सांगणार. त्यांच्यात मामाच्या मुलाचा मुलीवर हक्क असतो म्हणे. हा हक्क बुडालेला माणूस दुभाषी म्हणून मिळाला. बरं आहे.

८, शुक्र.

टोस्टचा कागद पास्कूच्या घरी वाचून दाखवला. तो वाजवतो त्या फिडलला, म्हणजे व्हायोलिनला, पहिली बायको केलंय. पास्कू खूश. "फिडलचं ठेव रे, हसतील सगळे." 'गोरी, सडपातळ' आलं तशी त्याची आई आणि मावश्या पोट धरून हसल्या. मेरी काळी आणि अंगानं भरलेली. आई तर सरळ म्हणते, कोळशाची गोण आणली पोरानं. पास्कू तेव्हा पाणी आणायला आत गेला होता. ओळ ठेवली. चांगली ओळ कोण खोडतो!

१०, रवि.

वाट लागली.

सकाळी चर्चमध्ये सगळं नीट. संध्याकाळी गावठाणात मांडव, बँड, केक कापला. ग्लासांत रास्पबेरीचं सरबत (दारूबंदी, खरा माल विहिरीमागे). मी कागद घेऊन उभा राहिलो. "पास्कूचं हे दुसरं लग्न." आमची बाजू आधीच फिस्सकन हसली. सवरीनं सांगितलं. त्यांची बाजू गप्प. मला वाटलं, यांना विनोद उशिरा कळतो. "पहिली घरातच आहे." सांगितलं. "गोरी, सडपातळ, कंबर मुठीत मावेल अशी." सांगितलं. मावश्या तर एकमेकींच्या अंगावर पडल्या. "गळ्याशी धरली की गाते." तेही सांगितलं. मग मी म्हणालो, "ती म्हणजे त्याचं फिडल!"

सवरी पाणी प्यायला लागला. मी थांबलो, त्यानं मान हलवली, पुढे चला. मला वाटलं, सांगून झालं. ग्लास वर केला, 'नवरानवरीच्या सुखासाठी' म्हटलं. अर्धा मांडव उठला, अर्धा बसून राहिला. मेरीच्या बापानं ग्लास टेबलावर उपडा केला. तिची आई रडायला लागली. बँडवाल्यांनी तेवढ्यात वाजवायला सुरुवात केली, गाढव.

बाप मुलीला घेऊन मुलुंडला गेला. पास्कू मागे धावला, सवरीनं त्याला ढकललं.

मेरीला मराठी येतं. पास्कूच्याच ऑफिसात आहे ती. मग बोलली का नाही?

११, सोम.

सवरी हरामखोर. एक शब्दही खोटा सांगितला नाही त्यानं, फक्त शेवटचा गिळला. पास्कूच्या आईचं म्हणणं, गेली ती बरी गेली. पण चर्चमध्ये लागलेलं लग्न सुटत नाही. पास्कूला दुसरी आणता येणार नाही आणि ही नांदायला येणार नाही. पास्कू माझ्याशी बोलला नाही. माझा काय दोष?

१४, गुरु.

आमच्या चर्चच्या फादरना तामिळ येतं. ते मुलुंडला जाऊन आले. बाप म्हणाला, ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्या तोंडून परत ऐकू दे, अख्खं. म्हणजे मी रविवारी त्यांच्या घरात टोस्ट द्यायचा. साक्षीसारखा. हसू येतं.

१७, रवि.

मुलुंड. बाहेरची खोली. बाप, आई, फादर, पास्कू आणि मी. मेरी आतल्या दारात उभी. ग्लास नाही, बँड नाही. मी एकेक वाक्य म्हणालो, फादरनी सांगितलं. हसलं कुणी नाही. फिडल आलं तेव्हा बापानं दोनदा विचारून घेतलं. मग सवरीला शिव्या दिल्या असाव्यात, आवाजावरून. आईनं डोळे पुसले, कॉफी आणली. बापानं पास्कूच्या खांद्यावर हात ठेवला. पास्कू आठवड्यानं माझ्याकडे बघून हसला. सुटलो असं वाटलं मला.

तेव्हा मेरी दारातूनच बोलली. मराठीत, सावकाश.

"फिडल आहे, ते मला मांडवातच कळलं होतं. पण पास्कूचं फिडल तपकिरी आहे. तुम्ही गोरी का म्हणालात?"

मी म्हटलं, बोलण्याच्या ओघात.

"तुम्ही कागद बघून वाचत होता."

पास्कूनं माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. कॉफी हातात तशीच.

बापानं तामिळमध्ये काहीतरी विचारलं. मुलगी काय म्हणाली, असंच असणार. त्यानं परत विचारलं. फादर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काय सांगू?"