विहीणबाईंचं हसू आणि आमटीचं पाणी

बारामती,
रविवार, दुपार

आदरणीय दाजींना रविंद्रचा सप्रेम जयभीम.

ताईबाई अक्काच्या गुडघ्याला नव्या तेलानं उतार पडला का, आणि तुमचा खोकला थांबला का, ते कळवावं. आम्ही इकडे खुशाल. ही विचारपूस फोनवरही झाली असती, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि निम्मं इंदापूर आमचं बोलणं ऐकतं, म्हणून पत्र लिहितोय. अक्काला वाचून दाखवा. ताजा कलम मात्र एकट्यानं वाचा.

आमच्या मेघनाच्या साखरपुड्यात, सोयऱ्यांच्याच घरी, रविंद्रनं विहिणीचा पाणउतारा केला, अशी बातमी तुमच्या गल्लीत फिरते आहे असं कानावर आलं. तुम्ही मध्यस्थ, तुमच्या शब्दावर सोयरीक जमली, तेव्हा खरं काय ते तुम्हाला कळायलाच हवं. अक्काच्या गुडघ्यामुळे तुम्ही पहिल्या पंगतीनंतर निघालात. गोंधळ तिसऱ्या पंगतीत झाला. (पहिल्या पंगतीत आमटी उत्तम होती, हे तुम्ही सांगालच.)

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सोयरे जमले आणि थट्टा झाली नाही, तर मला जेवण गोड लागत नाही. विहिणीची थट्टा करायची आपल्याकडे रीतच आहे, आणि माणसाचा चेहरा वाचण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही अशी माझी समजूत. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकीट न काढलेला माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. तर तिसऱ्या पंगतीला आमच्या विहीणबाई, प्रयागबाई, स्वतः वाढत माझ्यापाशी आल्या. वाटीत पाहिलं तर तळ दिसत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "विहीणबाई, ह्या आमटीवर आमचा एकरभर ऊस भिजंल की!" सगळी पंगत हसली. प्रयागबाईही हसल्या, चांगले दात दाखवून आणि आवाज करून. मी मनात म्हटलं, जमलं. दात दिसले की हसू खरं, हा माझा एकतीस वर्षांचा हिशेब. त्या खुशीत मी आमटीवर आणखी दोन विनोद केले, ते इथे लिहीत नाही.

जेवण झाल्यावर मेघनानं मला हात धुवायच्या जागेमागे ओढलं. तिची नोकरी तुम्हाला माहीत आहे. कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांना ती शिकवते. त्या मुलांच्या खुणांच्या भाषेत निम्मं बोलणं भुवयांनी आणि गालांनी होतं, म्हणून ही पोरगी दिवसभर चेहरेच वाचत असते. ती म्हणाली, "पप्पा, त्या हसल्या न्हाईत." मी म्हटलं, अगं, बत्तीशी दिसली. तर तिनं मला तिथंच उभं करून शिकवणी घेतली. ओठ माणसाला हवे तेव्हा ताणता येतात. आतून हसू आलं की गाल वर चढतात, खालची पापणी फुगते, डोळे बारीक होतात आणि कडांना सुरकुत्या पडतात. प्रयागबाईंचे डोळे होते तसे उघडे राहिले. दुसरं, पंगत हसल्यावर क्षणभरानं त्या हसल्या, तेही आधी आजूबाजूला बघून. आणि खरं हसू हळूहळू ओसरतं, त्यांचं एकदम बंद झालं. मग ओठ घट्ट मिटले, हात गळ्यातल्या मण्यांशी गेला, तोंड माझ्याकडे होतं तरी पाय केव्हाच स्वयंपाकघराकडे वळले होते.

मी वकिली केली. काही माणसांचं हसणंच तसं असतं, म्हणालो. तिला हे मान्यच होतं! एका खुणेवर काही ठरत नाही, ती म्हणाली, डोळेसुद्धा काहींना ठरवून बारीक करता येतात. म्हणून त्या माणसाचं रोजचं हसू कसं आहे ते आधी माहीत पाहिजे. सकाळी त्यांच्या घरातली धाकटी छकुली नवऱ्यामुलाच्या, सिद्धूच्या बुटात पाय घालून आली, तेव्हा प्रयागबाई हसल्या होत्या. त्यांच्या खऱ्या हसण्याला आवाजच नाही. डोळे पुरते मिटतात, खांदे हलतात आणि शेजारणीच्या मांडीवर थाप बसते. (नवरीमुलीनं आपल्याच साखरपुड्यात खाली मान घालून बसायचं, तर ही सासूचं हसू मोजत होती. दाजी, मला इतका अभिमान वाटला की रागवायचं राहूनच गेलं.) आणि सगळ्यात मोठी खूण, त्यांनी उलट थट्टा केली नाही. ज्याला चेष्टा गोड लागते, तो परत टोला देतो.

मग तिनं आमटीचं सांगितलं. आचारी आलाच नव्हता. प्रयागबाई पहाटेपासून एकट्या चुलीपुढे होत्या. माणसं सांगितली होती पंचवीस, आणि मी बारामतीहून आणली चाळीस. डेपोतल्या जुन्या मंडळींना नाही म्हणवलं नाही. तिसरी पंगत उपाशी उठू नये म्हणून त्या बाईनं आमटीत पाणी घातलं, आणि त्या पाण्यावर मी चारचौघांत ऊस भिजवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला जन्मभर त्या घरात राहायचं आहे. रोज आमटी वाढताना त्या बाईला माझं तोंड आठवलं असतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. "विहीणबाई, रागावलात?" विचारलं. "न्हाई वो, आमी कशाला रागवू?" म्हणाल्या आणि हसल्या. या वेळी मी डोळ्यांकडे पाहिलं. काही हललं नाही. मेघना दारात उभी राहून बारीक मान हलवत होती. तेव्हा मी सरळ कबूल केलं. म्हटलं, चूक माझी, पंचवीस सांगून चाळीस आणले, तुम्ही माझी अब्रू राखली आणि मी तुमची काढली.  मण्यांशी गेलेला त्यांचा हात खाली आला. मग खालची पापणी जराशी फुगली. गाल चढले, डोळे मिटले, खांदे हलायला लागले, आवाज नाही! शेजारी बसलेल्या मेघनाच्या आईच्या, आमच्या अंजलीच्या मांडीवर थाप बसली आणि टोला आला, "एकतीस वर्सं कंडक्टरकी केली म्हनं. शिटा मोजायला कुनी दुसरा ठिवला हुता व्हय?"

सगळं स्वयंपाकघर हसलं. मी वळून मेघनाकडे पाहिलं, तिनं होकारार्थी मान हलवली. तर दाजी, पाणउतारा झाला तो असा, आणि तो माझा झाला. गल्लीत तेवढं नीट सांगा. आणि हेही सांगा की असली नजर असलेली सून त्यांच्या इंदापुराला मिळते आहे.

तुमचा,
रविंद्र

ता. क. : प्रयागबाईंच्या टोल्यावर मीही हसलो, दात दाखवून. परतताना गाडीत मेघना हळूच म्हणाली, "पप्पा, तुमाला लागलं न्हवं?" लागलं होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं, अजून झोपेत घंटी मारतो. तिला म्हटलं, छे गं. तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं.

आणखी ता. क. : खरं काम हे आहे. लग्न इंदापुरातच, म्हणजे पोर तिथं राहणार आणि आमची गाडी निघणार. तिनं रडू नये म्हणून मी निघताना हसत हात हलवायचं ठरवलंय. पण तिला लगेच कळेल. तेव्हा दाजी, मला गाडीत पलीकडच्या खिडकीशी बसवा, आणि तिला माझा नुसता वर केलेला हात दिसेल असं करा.