सिस्टरने परत केलेली साडी

१५ ऑक्टो., बुध.

लिहीन लिहीन म्हणत ही वही मार्चपासून तशीच पडलीय. आबा दवाखान्यात होते तेव्हा रोज चार ओळी लिहिणार होतो. नाही जमलं. घरी आल्यावर लिहू म्हटलं, तर ते घरी आले आणि मी सावद्याहून केळीच्या ट्रकवर दिल्लीला. तिथे गेल्यावर वाटलं पंजाबही बघून घ्यावा. बघितला. तिकडचं लोणी... ते पुन्हा कधीतरी.

आज लिहितोय कारण माय चकल्या तळतेय आणि मला स्वयंपाकघरातून हाकललंय.

विषय एवढाच आहे. आबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना म्हणून नाकात नळी. ज्योती सिस्टरने त्यांना परत माणसात आणलं. सतत कुशीवर वळवायची, पाठीला जखम होऊ दिली नाही. मायला वळवायला शिकवलं, मलाही. आता दिवाळीला तिला काहीतरी द्यायचंय. काय द्यायचं ते ठरेना. माय म्हणते साडी. मी म्हणतो पर्स. आबांना विचारलं तर ते हळूहळू, शब्द शोधत, "ती मनी बहीण शे. साडी."

माझी बहीण आहे, म्हणे. संपलं. साडी.

१७ ऑक्टो., शुक्र.

मायबरोबर बाजारात. पाय तुटले. एकेक साडी चोळून बघते, उजेडात नेते, परत ठेवते. दुकानदार मारवाडी, शांत माणूस, चहा पाजला. मी म्हटलं, "अवं माय, सिस्टरला नेसायची आहे, कोर्टात उभी करायची नाही." तर माय म्हणाली, "एकदा तोंड पोळलं ना साडीवरून."

म्हणजे फुईचं प्रकरण. माझी आत्या, आबांची मोठी बहीण, शिंदखेड्याची. माझ्या बहिणीच्या लग्नात तिला आहेराची साडी दिली, ती तिला हलकी वाटली. मांडवातच खुर्चीवर ठेवून निघून गेली. तेव्हापासून ना राखी, ना भाऊबीज. आबा आजारी पडल्याचं कळवायचं का यावर घरात दोन मतं पडली, आणि तेवढ्यात आबा बरे झाले, कळवायचं राहिलंच.

शेवटी जांभळी, काठपदराची घेतली. छान आहे. परत येताना पिंप्राळ्याच्या चौकात एक जण माकड घेऊन बसला होता, अर्धा तास तिथेच गेला.

१९ ऑक्टो., रवि.

दवाखान्यात गेलो. डब्यात चकली, शेव, करंज्या. पिशवीत साडी.

आधी डॉक्टर. त्यांच्या केबिनमध्ये मिठाईचे खोके खिडकीपर्यंत रचलेले, खुर्चीवर पण खोके. आपला डबा कुठे ठेवायचा तेच कळेना. डॉक्टर म्हणाले, "डबा सिस्टर्सना द्या. मला आबा जिना चढताना दाखवा, ती माझी दिवाळी." आणि "रक्त पातळ करायची गोळी सणात चुकवू नका." बरं म्हटलं.

वर वॉर्डात इनचार्ज सिस्टर, चष्मेवाली, कडक. भिंतीवरच्या पाटीकडे बोट. कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देऊ नये. मग डबा उघडून बघितला आणि आवाज जरा खाली आला. "फराळ चालतो. पण एकीच्या नावाने नाही, स्टाफरूममध्ये ठेवायचा, तिन्ही शिफ्टच्या मुली खातात. मावश्या, वॉर्डबॉय पण. झाकणावर पेशंटचं नाव टाका म्हणजे कळतं कोणी आणलं." टाकलं.

ज्योती सिस्टर आली. साडी बघितली, काठावरून हात फिरवला आणि घडी घालून परत पिशवीत ठेवली. "रंग छान आहे. पण नको रे." नियमामुळे का, विचारलं. म्हणे, "नियम आहेच. शिवाय एकाची घेतली की दुसऱ्या पेशंटला वाटतं, आपण नाही दिली तर आपल्याकडे बघणार नाही."

मग माझीच शाळा. जेवताना सरळ बसवता का? हनुवटी छातीकडे? जेवल्यावर लगेच आडवं करत नाही ना? "आणि चिवडा-चकली त्यांना अजिबात नाही हां, ठसका लागेल. करंजीचं सारण दुधात मऊ करून चमच्याने द्या."

मी म्हटलं, आबा तुम्हाला बहीण म्हणतात. तर ती हसली, मग हसायची थांबली.

"नळी काढल्यावर तोंडाने घास घेत नव्हते. माझ्याकडे बघून रडायचे. शब्द जुळेनात. शिंदखेड्याची विहीर, बोरं, तू चिडलीस, असं काहीतरी. त्यांना मी दुसरीच कोणीतरी वाटत होते. मी म्हटलं, हो, मीच, चिडले नाही, आता खा. तेव्हा खाल्लं. रोज तसंच भरवलं. घरी सांगायला हवं होतं का मी?"

साडी घेऊन खाली आलो. गेटपाशी तिच्याबरोबर फोटो काढला, वॉर्डात नको म्हणाली.

आबा आभार मानतायत कोणाचे मग? हिचे, की फुईचे, जी आलीच नव्हती?

२० ऑक्टो., सोम.

मायला सगळं सांगितलं. तिने कढईतला घाणा काढून घेतला. मग म्हणे, "त्यांना बोलू नको."

आबांना फक्त साडी घेतली नाही एवढं सांगितलं. चेहरा पडला. डाव्या हाताने बाजूला सरकवल्यासारखं केलं. "बहीण शे. भाऊबीजले ये म्हन. ओवाळाले."

सिस्टरला फोन केला. गुरुवारी सकाळची ड्युटी आहे म्हणे, आणि तिला स्वतःचा भाऊ आहे अमळनेरला. "सुटल्यावर जमलं तर येते. पण ताटात साडी ठेवलीत तर उलटी फिरेन."

मी काल तो फोटो स्टेटसला टाकला होता. 'आमची नवी फुई.' मला तेव्हा गोड वाटलं. आज बघितलं कोणी कोणी पाहिला, तर त्यात सुनंदावहिनी. फुईची सून.

माय ओरडली, "काढ आधी ते!"

काढला. पण पाहिलेलं कसं काढणार.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

आबा सकाळपासून तयार. सारखं "उनी का?", म्हणजे आली का. दाढी मी केली, टोपी त्यांनी स्वतः घातली, डाव्या हाताने. खाली बसता येत नाही म्हणून पाटाऐवजी खुर्ची ठेवलीय, जरा हलते, खाली पुठ्ठा घातला. साडी फडताळात, दिसणार नाही अशी. ताटात नारळ ठेवावा का? नारळ म्हणजे भेटवस्तू का? मायला माहीत नाही, मला तर नाहीच.

मी आबांना हळूच विचारलं, "आबा, ज्योती सिस्टर तुमची कोण?" म्हणाले, "तिनी खाऊ घालं." मग थोड्या वेळाने, "ती चिडेल नही शे." चिडलेली नाही, म्हणजे कोण? सिस्टर का फुई? परत विचारलं तर डोळे मिटून घेतले.

आता ओट्यावर बसून लिहितोय. सिस्टरचा मेसेज आलाय, सुटले, निघाले, गल्ली कोणती. गल्ली कळवली. आत माय निरांजन लावतेय.

रिक्षा आली. मी उठलो, पण सिस्टर इतक्या लवकर कशी येईल?

सिस्टर नाही. फुई आहे. एकटी, शिंदखेड्याहून, टॉवेलने झाकलेलं स्वतःचं ताट मांडीवर घेऊन. रिक्षातून उतरलीच नाही अजून. आतूनच मला विचारतेय,

"काय रे, नवी बहीण उनी का? का जागा रिकामी शे अजून?"

माय दारात आलीय. एकदा फुईकडे बघते, एकदा फडताळाकडे. साडी एकच आहे. आणि आत आबा विचारतायत, "उनी का?"